बीएमआरचं ‘एकच खरं सूत्र’: एका फॉरवर्डला उत्तर

> “आपला बीएमआर काढायला फक्त मिफ्लिन सूत्र वापरा. हॅरिस-बेनेडिक्ट १९१९ सालचं, कालबाह्य आणि चुकीचं आहे. मिफ्लिन आधुनिक, तेच खरा आकडा देतं. त्यात वयाला ५ ने गुणून वजा करतात, म्हणजे दर वाढदिवसाला तुमचं शरीर ५ कॅलरी कमी जाळतं. आपण भारतीय, आपला चयापचय वंशानेच मंद, म्हणून आलेल्या आकड्यातून १० टक्के कमी करा. मग त्यातून ५०० वजा करून तेवढंच खा. महिन्याला दोन किलो हमखास जाणार. शेअर करा.”

बीएमआर म्हणजे काहीही न करता नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसभरात जेवढ्या कॅलरी जाळतं तो आकडा. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा मजकूर गेल्या काही आठवड्यांत माझ्याकडे तीन वाटांनी आला: नणंदेकडून, सोसायटीच्या ग्रुपवर, आणि एका बाई तर तो छापून घडी करून पर्समध्ये घेऊन आल्या होत्या. त्यांनी गणित व्यवस्थित केलं होतं. गणितात एकही चूक नव्हती, हीच अडचण होती.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा वैशालीताई आहेत. वय ४२, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, दिवसभर बसून काम. नाव मी ठेवलेलं आहे, पण या मापाच्या बायका आठवड्याला दोन-तीन तरी भेटतात. सगळीकडे दिसणाऱ्या चार सूत्रांत त्यांचे आकडे घालू. वजन किलोत, उंची सेंटिमीटरमध्ये, वय वर्षांत, आणि सूत्रं स्त्रियांसाठीची.

```
हॅरिस-बेनेडिक्ट, १९१९
  ६५५.१ + ९.५६ × वजन + १.८५ × उंची − ४.६८ × वय  = १४०१

मिफ्लिन-सेंट जिओर, १९९०
  १० × वजन + ६.२५ × उंची − ५ × वय − १६१          = १२९७

जागतिक आरोग्य संघटना, १९८५ (वय ३० ते ६०)
  ८.७ × वजन + ८२९                               = १४२१

ऑक्सफर्ड, २००५ (वय ३० ते ६०)
  ९.७४ × वजन + ६९४                              = १३५६
```

सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यात १२४ कॅलरींचं अंतर आहे, म्हणजे साधारण सव्वा-दीड पोळी. (काटेकोरपणे या किलोकॅलरी, बोलताना सगळे कॅलरी म्हणतात, मीही तेच म्हणते.)

आता ‘खरा आकडा’ म्हणजे काय ते आधी ठरवू, कारण तो कुठल्याच सूत्रातून येत नाही. तो मोजावा लागतो. रात्रभर, म्हणजे सुमारे १२ तास उपाशी असलेला माणूस सकाळी जागा असताना, काहीही हालचाल न करता, ना थंडी ना उकाडा अशा खोलीत पडून राहतो. त्याच्या डोक्यावर पारदर्शक टोप ठेवतात आणि तो मिनिटाला किती ऑक्सिजन घेतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो ते यंत्र नोंदवतं. त्यावरून उष्मांकांचा हिशेब होतो. समजा वैशालीताईंचा ऑक्सिजन मिनिटाला १८५ मिलिलिटर आला आणि कार्बन डायऑक्साइड १५०. वीअर यांच्या १९४९ सालच्या समीकरणानुसार ३.९४१ गुणिले १८५, अधिक १.१०६ गुणिले १५०, आणि येणाऱ्या बेरजेला १.४४ ने गुणायचं, म्हणजे दिवसाचे १२८९.

यातही चुका होतात, आणि त्या ओळखता येतात. सोडलेल्या वायूला घेतलेल्या वायूने भागलं तर इथे ०.८१ येतं. रात्रभर उपाशी असलेल्या माणसाचं हे गुणोत्तर असंच, ०.८ च्या आसपास असायला हवं. ते १ च्या वर गेलं, तर माणूस घाबरून भराभर श्वास घेत असतो किंवा गुपचूप चहा-बिस्किट खाऊन आलेला असतो. ०.७ च्या खाली गेलं तर यंत्राचं मापन बिघडलेलं असण्याची शक्यता जास्त. आणि टोपाच्या कडेने हवा गळत असेल तर दोन्ही वायू सारखेच कमी नोंदले जातात, गुणोत्तर छान दिसतं आणि बीएमआर मात्र संशयास्पद कमी येतो. ‘माझा मेटाबॉलिझम फारच स्लो निघाला’ असं कुणी यंत्राची चिठ्ठी दाखवून म्हणालं, की मी आधी या गळतीचं विचारते.

सूत्रं याच मोजण्यांतून जन्मली. शेकडो लोकांना असं झोपवायचं, मोजायचं, आणि मग त्यांच्या वय, उंची, वजनावरून त्या मोजलेल्या आकड्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी रेषा काढायची. म्हणजे सूत्र त्या गर्दीची सरासरी सांगतं. गर्दी कोणती होती, हे म्हणूनच महत्त्वाचं.

हॅरिस आणि बेनेडिक्ट यांची गर्दी होती १३६ पुरुष आणि १०३ स्त्रिया. शिवाय ९४ नवजात बाळंही मोजली होती, पण मोठ्यांच्या सूत्रात ती नाहीत. काम अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेच्या पोषण प्रयोगशाळेचं. ती माणसं बहुतेक तरुण आणि आजच्या मानाने सडपातळ होती. त्या स्त्रियांचं सरासरी वजन ५६ किलोच्या आसपास भरतं. आजच्या लोकांवर हे सूत्र लावलं की उत्तर बऱ्याचदा थोडं जास्त येतं, ही गोष्ट खरी आहे आणि त्या फॉरवर्डला तेवढं श्रेय द्यायला हवं. पण दोष सालाचा नाही. १९८४ मध्ये रोझा आणि शिझगल यांनी बेनेडिक्टच्याच प्रयोगशाळेतली आणखी मापं मिळवून हीच रेषा पुन्हा आखली. वैशालीताईंचा आकडा १४०१ वरून १३८४ झाला. ६५ वर्षांनी केलेल्या दुरुस्तीचा फरक १७ कॅलरी.

मिफ्लिनची गर्दी ४९८ जणांची, २५१ पुरुष आणि २४७ स्त्रिया, वय १९ ते ७८, अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या. त्यांत २३४ जण लठ्ठ होते, म्हणून जास्त वजनाच्या माणसाला हे सूत्र हॅरिस-बेनेडिक्टपेक्षा बरं लागू पडतं. शिवाय तिथे मोजला तो काटेकोर बीएमआर नव्हे, तर थोड्या सैल अटींवरचा विश्रांतीतला दर. रोजच्या वापरात हा भेद सोडून दिला तरी चालतं.

मग ते किती अचूक? सूत्रांची मोजलेल्या आकड्यांशी तुलना करणारे अभ्यास अमेरिकेत फ्रँकनफिल्ड आणि सहकाऱ्यांनी केले. त्यांत मिफ्लिन खरंच सर्वांत पुढे होतं. लठ्ठ नसलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांचा अंदाज मोजलेल्या आकड्याच्या १० टक्क्यांच्या आत आला, लठ्ठ लोकांत सुमारे ७० टक्क्यांचा. पहिला नंबर आला, पण पेपरात किती मार्क पडले तेही पाहायला हवं. १०० पैकी १८ जणांचा, आणि वजन जास्त असेल तर ३० जणांचा अंदाज १० टक्क्यांहून जास्त चुकला. यांतले बहुतेक अभ्यास गोऱ्या अमेरिकनांवरचे, हेही त्याच लेखकांनी नोंदवलं आहे.

हे वैशालीताईंवर लावून पाहू. मिफ्लिन म्हणतं १२९७. दोन्ही बाजूंना १० टक्के धरले तर ११६७ ते १४२७ असा पट्टा तयार होतो. आता वरची यादी पुन्हा बघा: १३५६, १३८४, १४०१, १४२१. ज्यांना खोटं ठरवलं गेलं ती सगळी उत्तरं मिफ्लिनच्याच पट्ट्यात बसतात. वैशालीताईंसारख्या मध्यम मापाच्या व्यक्तीसाठी सूत्रांमधलं भांडण हे सूत्र आणि माणूस यांच्यातल्या अंतरापेक्षा लहान आहे.

सूत्र निवडण्याने मोठा फरक पडतो तो टोकाच्या मापांना. हे मला छापील फॉरवर्ड आणणाऱ्या बाईंच्या मुलीमुळे सांगावंसं वाटतं. आईने तिचंही गणित करून आणलं होतं. त्या मापाची मुलगी धरू: वय २५, उंची १४८, वजन ४५ किलो. हॅरिस-बेनेडिक्टने येतात १२४२ आणि मिफ्लिनने १०८९. फरक १५३, म्हणजे मिफ्लिनच्या १४ टक्के. वैशालीताईंपेक्षा अंगाने लहान, तरी सूत्रांतलं अंतर जास्त.

कारण सूत्राच्या पोटातच आहे. हॅरिस-बेनेडिक्टच्या स्त्रियांच्या सूत्राची सुरुवात ६५५ ने होते. पुरुषांच्या सूत्रात तोच आकडा फक्त ६६ आहे. पुष्कळांना वाटतं, बाईचं शरीर काही नसतानाही ६५५ जाळतं की काय! तसं नाही. शून्य किलोची बाई कुणी मोजलेली नाही. रेषा पन्नास-साठ किलोच्या माणसांतून नीट जावी म्हणून तिचं टोक मागे कुठेतरी अक्षाला टेकतं, तो हा आकडा. पण एवढी मोठी रक्कम आधीच खात्यात जमा असल्यामुळे माणूस लहान होत गेला तरी उत्तर हळूहळू उतरतं. त्यात उंचीच्या एका सेंटिमीटरला हे सूत्र १.८५ कॅलरी देतं, मिफ्लिन ६.२५. बुटक्या, बारीक बाईला एक सूत्र वर ओढतं आणि दुसरं खाली. अशा वेळी मी या दोन्हींच्या मधला आकडा धरते. या मुलीला ऑक्सफर्डचं १८ ते ३० वयाचं सूत्र, १३.१ गुणिले वजन अधिक ५५८, लावलं तर ११४८ येतात, आणि ते मला जास्त पटण्यासारखं वाटतं.

आता वयाच्या पाचाचं. मिफ्लिनच्या मूळ गणितात तो आकडा ४.९२ होता, वापरायला सोपा जावा म्हणून ५ केला. तसंच वजनाचे ९.९९ चे १० झाले. स्त्री-पुरुषांतला फरक मूळ सूत्रात १६६ इतका ठोक होता; पुरुषांना अधिक ५ आणि स्त्रियांना वजा १६१ ही त्याचीच वाटणी. तेव्हा हे आकडे शरीरातून खोदून काढलेले नियम नाहीत, रेषेचे उतार आहेत. म्हणूनच दुसऱ्या गर्दीत ते बदलतात: हॅरिस-बेनेडिक्टमध्ये स्त्रियांसाठी वर्षाला ४.६८, पुरुषांसाठी ६.७६.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, या अभ्यासांत एकाच माणसाला वीस वर्षं दरवर्षी मोजलेलं नाही. पंचवीस वर्षांची एक व्यक्ती मोजली, पंचावन्नची दुसरी मोजली, आणि दोघांमधला फरक वर्षांवर वाटला. पंचावन्न वर्षांच्या माणसात सरासरीने स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. सूत्राला स्नायू दिसत नाहीत, वय दिसतं, म्हणून ते स्नायूंचा हिशेब वयाच्या नावावर लिहितं. २०२१ मध्ये पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी ६,४०० हून जास्त लोकांची मापं एकत्र केली. चरबी सोडून उरलेल्या शरीराचा हिशेब धरला, तर दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च साधारण विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत जवळपास स्थिर निघाला. साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने उतरत गेला. चाळिशीत अंगाने भरलेल्या माणसाने वाढदिवसाला दोष द्यायचं कारण नाही.

आणि सूत्राचा वयाशी असलेला व्यवहार किती कृत्रिम असतो ते पाहायचं तर १९८५ चं सूत्र घ्या. त्यात वयाने गुणायचंच नसतं. १८ ते ३० चं सूत्र वेगळं, ३० ते ६० चं वेगळं. १८ ते ३० वयाच्या स्त्रियांसाठी ते १४.७ गुणिले वजन अधिक ४९६ असं आहे. ६८ किलोची बाई एकोणतिसाव्या वर्षी १४९६ जाळते आणि तिसावा वाढदिवस उलटला की १४२१. केक कापताच ७५ कॅलरी गेल्या. आणि ४५ किलोची मुलगी? तिच्या ११५८ च्या १२२१ होतात. म्हणजे तिशी लागताच तिचा चयापचय ६३ कॅलरींनी वाढला! दोन्ही गोष्टी शरीरात घडत नाहीत. दोन वेगळ्या गर्दींवरून काढलेल्या दोन रेषा सुमारे ५५ किलोवर एकमेकींना छेदतात, एवढंच.

दहा टक्क्यांच्या मुद्द्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण यात एक खरी गोष्ट चुकीच्या जागी लावली गेली आहे.

१९८५ च्या जागतिक सूत्रामागची मापं स्कोफिल्ड यांनी एकत्र केली होती: ७,००० च्या वर मापं, आणि त्यांतली जवळपास निम्मी इटालियन लोकांची, त्यांत सैनिक, खाणकामगार असे अंगमेहनतीचे पुष्कळ. या इटालियनांचा बीएमआर किलोमागे इतरांपेक्षा जास्त होता. साहजिकच रेषा वर उचलली गेली आणि उष्ण प्रदेशातल्या लोकांना ती जास्तीचे आकडे देऊ लागली. भारतातही हेच दिसलं. म्हणून आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, भारतीयांसाठी त्या सूत्रातून ५ टक्के कमी करून आकडे दिले. पुढे ऑक्सफर्डच्या हेन्री यांनी इटालियन मापं बाजूला काढली, उष्ण प्रदेशातल्या चार हजारांवर लोकांची मापं घातली आणि २००५ मध्ये नवी सूत्रं मांडली. वैशालीताईंचं पाहा: १४२१ मधून ५ टक्के गेले की १३५०. ऑक्सफर्डचं उत्तर १३५६. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास एकाच ठिकाणी आलो.

तेव्हा वजाबाकी होती ती त्या विशिष्ट सूत्राच्या उंचावलेल्या रेषेची दुरुस्ती. ती उचलून मिफ्लिनवर लावायची म्हणजे जी उंची तिथे नाहीच ती कापायची. वैशालीताईंसाठी मिफ्लिन आधीच १९८५ च्या सूत्रापेक्षा जवळपास ९ टक्के खाली आहे. त्यातून आणखी १० टक्के काढले तर ११६७ उरतात, भारतीय सूत्रापेक्षा पावणेदोनशेहून जास्त खाली. एकाच गिऱ्हाइकाला दोनदा सूट देण्यासारखं हे झालं.

राहिला वंश. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी भारतीयांचा बीएमआर अनेक वर्षं मोजला. १९९८ मध्ये सोअरेस, शेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातली आणि ऑस्ट्रेलियातली मापं शेजारी ठेवून पाहिली. शरीराची घडण, म्हणजे चरबी किती आणि बिनचरबीचं वस्तुमान किती, हे हिशेबात घेतल्यावर वंशाचा वेगळा परिणाम उरला नाही.

घडणीचा मुद्दा डोळ्यांसमोर आणायला आपल्या पुण्याचंच उदाहरण आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वय, लिंग, उंची आणि वजन एवढंच विचारणारं कुठलंही सूत्र अशा दोन माणसांना, त्यांचं वय, उंची आणि वजन सारखं असेल तर, एकच आकडा देणार.

हिशेबाला दोघांचं वजन ७० किलो धरू (त्यांचं खरं वजन किती होतं हा मुद्दा नाही). बिनचरबीचं वस्तुमान पहिल्याचं ६३.६ किलो, दुसऱ्याचं ५५.२ किलो. हे वस्तुमान वापरणारंही एक सूत्र आहे, ३७० अधिक २१.६ गुणिले बिनचरबीचं वस्तुमान. जिममध्ये ते कॅच-मॅकआर्डल म्हणून ओळखतात. त्याने १७४४ आणि १५६२ येतात. सारख्या दिसणाऱ्या दोन माणसांत १८२ कॅलरींचा फरक, वैशालीताईंच्या चारही सूत्रांमधल्या अंतरापेक्षा मोठा. आपल्याकडे अंग बारीक पण चरबी जास्त ही ठेवण बरीच आढळते, म्हणून वजनावर चालणारी सूत्रं आपल्या लोकांना अनेकदा जास्त आकडा देतात. पण कबड्डी खेळणाऱ्या, शेतात राबणाऱ्या भारतीयाला ‘भारतीय’ म्हणून टक्के कापले तर त्याचा आकडा उलट्या बाजूला चुकेल.

मग सगळ्यांनी कॅच-मॅकआर्डलच का वापरू नये? कारण त्यात घालायचा चरबीचा आकडा कुठून आणणार? पायाखाली धरून उभं राहायचे घरगुती काटे शरीरातून बारीक वीजप्रवाह सोडून अंदाज करतात, आणि पाणी कमी-जास्त प्यायलं तरी तो हलतो. चरबीचा आकडा ५ टक्क्यांनी चुकला, समजा ३५ च्या जागी ४० दाखवला, तर वैशालीताईंचं बिनचरबीचं वस्तुमान ३.४ किलोने आणि उत्तर ७३ कॅलरींनी हलतं. सूत्र सुधारलं आणि माप बिघडलं, तर पदरात फारसं पडत नाही.

शेवटची पायरी मला सगळ्यांत जास्त खटकते. वैशालीताईंचे १२९७, त्यातून १० टक्के गेले, ११६७. त्यातून ५०० गेले, ६६७. दिवसाला ६६७ कॅलरी! ८०० च्या खालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक कारणासाठी, ठरावीक काळ देतात. तो घरच्या घरी करायचा प्रकार नाही. त्यात प्रथिनं पुरत नाहीत, स्नायू झिजतात, पित्ताचे खडे होण्याचा धोका वाढतो.

चूक अशी की बीएमआर हा अंथरुणात निपचित पडून राहण्याचा खर्च आहे. घटवायचं ते दिवसाच्या एकूण खर्चातून. बसून काम करणाऱ्यांसाठी बीएमआरला साधारण १.४ ने गुणतात: १२९७ चे १८१६. त्यातून ५०० काढले की १३१६. दोन्ही हिशेबांत जवळपास ६५० कॅलरींचा फरक पडला, म्हणजे वर ज्या सूत्रांवरून एवढी वादावादी त्यांच्या अंतराच्या पाचपट.

आणि ‘हमखास’? शरीरातली एक किलो चरबी साधारण ७,७०० कॅलरींची धरतात. रोज ५०० कमी, ३० दिवसांत १५,०००, भागिले ७,७००, उत्तर १.९५ किलो. दोन किलो इथून आले. आता अचूकतेचा पट्टा आठवा. वैशालीताईंचा खरा बीएमआर ११६७ असेल तर एकूण खर्च १६३४, आणि १३१६ खाऊन तूट पडते फक्त ३१८ ची: महिन्याला सव्वा किलोच्या आतबाहेर. खरा बीएमआर १४२७ असेल तर खर्च १९९८, तूट ६८२, महिन्याला सुमारे २.७ किलो. एकाच ताटावर जेवणाऱ्या, एकाच मापाच्या दोन बायकांत दुपटीहून जास्त फरक, आणि दोघींनीही काही चुकवलेलं नसतं. यात १.४ हा गुणक बरोबर असल्याचं धरलं आहे. प्रत्यक्षात तो १.३ किंवा १.५ असला तरी आणखी १३० कॅलरी इकडेतिकडे होतात. शिवाय वजन उतरलं की खर्चही उतरतो: मिफ्लिनच्याच हिशेबाने किलोमागे १० कॅलरी, गुणक धरून १४.

म्हणून मी वैशालीताईंसारख्यांना सूत्रातून फक्त सुरुवातीचा आकडा देते, १३०० ते १३५० च्या आसपास, आणि पुढे वजनाच्या नोंदी मागते. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नसतो, सात दिवसांची सरासरी काढायची. पाळी येत असेल तर या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करायची, कारण पाळीच्या आधी अंगात साठणारं पाणीच किलोभर वजन वर नेऊ शकतं. पहिल्या आठवड्यातली मोठी घटही धरायची नाही. मीठ आणि भात-पोळी कमी झाल्यामुळे गेलेलं ते पाणी असतं.

समजा दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे २८ दिवसांत, सरासरी १.२ किलोने उतरली. १.२ गुणिले ७,७००, भागिले २८, म्हणजे रोजची तूट ३३०. खाणं खरंच १३१६ असेल तर एकूण खर्च १६४६ निघाला आणि १.४ ने भागून बीएमआर ११७६. हा आकडा एकाही सूत्राने दिला नव्हता. खाण्याची नोंद कमी लिहिली गेली असेल तर खरा खर्च याहूनही जास्त असेल, आणि फोडणीतलं तेल नोंदीतून कसं निसटतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पण लिहिलेलं खाणं आणि काट्यावरचं वजन या दोन गोष्टी त्याच बाईच्या आहेत. पुढच्या महिन्याचं ताट मी त्यावरून ठरवते. छापील कागद मी त्या बाईंना परत दिला. त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी वजनाचा तक्ता आखून घेतला.